क्रॉप टाइट झालाय: एका फोटोची डावी बाजू आणि कडेचा खांब

लग्नाच्या 50व्या वाढदिवसासाठी एका कुटुंबाला हॉलच्या दारात ठेवायला 18×12 इंचांची आडवी फ्रेम हवी होती. उजवीकडे आजी-आजोबा, डावीकडे मोकळ्या जागेत नावं आणि तारीख. फोटो त्यांच्याकडे एकच होता. काही वर्षांपूर्वी जुन्या वाड्याच्या ओसरीवर काढलेला, आजी नऊवारीत, आजोबा फेटा बांधून. फोटो सुरेख होता, पण मूळ फाइल कुणाकडेच नव्हती. उरली होती ती मोबाइलवर टाकण्यासाठी उभी कापलेली जेपेग, 2400×3000 पिक्सेलची. आणि वाडा दरम्यान पाडला गेला होता, त्यामुळे पुन्हा जाऊन ओसरीचा मोकळा फोटो काढून तो मागे जोडणं हा सरळ मार्गही बंद.

म्हणजे चित्राबाहेरची जागा तयार करावी लागणार होती. फोटोशॉपमध्ये यासाठी जनरेटिव्ह फिल आहे, निवडलेल्या जागेत एआय मॉडेलकडून नवं चित्र रचून घेणारी सोय. मे 2023 मध्ये ते बीटा आवृत्तीत आलं, दोन महिन्यांनी क्रॉप टूलमधूनच कॅनव्हास वाढवणारं जनरेटिव्ह एक्सपांड आलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून दोन्ही नेहमीच्या फोटोशॉपमध्ये मिळू लागली. क्रॉपची चौकट बाहेर ओढायची, बटण दाबायचं, तीन पर्याय समोर येतात. सोपं दिसतं, आणि समुद्रकिनारा, आकाश, साधी भिंत असेल तर खरंच तितकंच सोपं असतं. या फोटोत मात्र चारही कडांवर काही ना काही अर्धवट कापलेलं होतं.

आधी चार कडा

कॅनव्हास वाढवण्याच्या कामात माझा पहिला वेळ सॉफ्टवेअरमध्ये जात नाही, फोटोच्या कडा बघण्यात जातो. मॉडेलला चित्राबाहेर काय होतं ते ठाऊक नसतं. त्याला कडेजवळचे पिक्सेल दिसतात आणि त्यांना शोभेल असं काहीतरी ते पुढे रचतं. कडेवर भिंत असेल तर भिंत वाढते, कडेवर अर्धा हात असेल तर उरलेला हात उगवतो. तेव्हा कोणती कड वाढवायची आणि कोणती तशीच ठेवायची, हे ठरलं की अर्धं काम झालं.

या फोटोची उजवी कड आजोबांच्या कोपरातून गेली होती. खालची कड दोघांच्या गुडघ्यांशी थांबत होती. वरची कड फेट्याच्या तुऱ्यापासून जेमतेम 60 पिक्सेलवर होती. डाव्या कडेवर ओसरीचा लाकडी सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या घाटाचा, खांब होता, त्याचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग चित्रात आणि उरलेला बाहेर.

कुटुंबातल्या ताईंनी सुरुवातीला दोघांना मधोमध ठेवायला सांगितलं होतं. तसं केलं असतं तर उजवीकडेही जागा वाढवावी लागली असती, म्हणजे आजोबांचा कोपर नव्याने बनवावा लागला असता. कोपर म्हणजे नुसती सदऱ्याची बाही, असं वाटू शकतं. पण बाहीची चुणी, हाताचा वाक, मनगट शरीराकडे वळतंय की खाली जातंय, हे सगळं मॉडेल स्वतःच्या अंदाजाने ठरवतं. तीन पर्यायांत तीन वेगळे हात येतात आणि त्यातला एकही त्या माणसाचा नसतो. म्हणून मी उजवी कड हलवलीच नाही. जिथे माणूस कापलेला आहे ती कड फ्रेमचीही कड राहिली, की कापलेला कोपर नेहमीच्या पोर्ट्रेटसारखा वाटतो, कुणाला खटकत नाही. शिवाय मजकूर डावीकडेच यायचा होता. हे ताईंना कागदावर चौकट काढून दाखवलं तेव्हा लगेच पटलं. खालची कडही त्याच कारणाने जागची हलली नाही.

उरल्या दोन कडा, डावी आणि वरची. वरची वाढवणं भाग होतं, त्याचं कारण फ्रेमचं लाकूड. फ्रेमची आतली खाच छपाईची कड साधारण 5-6 मिलिमीटर झाकते. तुऱ्यावरचे 60 पिक्सेल छापल्यावर जेमतेम साडेपाच मिलिमीटर होणार होते, म्हणजे तुरा थेट लाकडाला टेकला असता.

हिशेब असा झाला. वर 300 पिक्सेल वाढवून उंची 3300. आडव्या 18×12 चं प्रमाण 3:2, म्हणून रुंदी 4950. मूळ 2400 उजवीकडे तसेच, डावीकडे 2550 नवे. छपाईत इंचाला 275 पिक्सेल पडतात, फ्रेमसाठी ते भरपूर आहेत. गंमत अशी की अर्ध्याहून जास्त फोटो नवा असणार होता, पण माणसांचा एकही पिक्सेल नवा नसणार होता.

खांब हाताने

क्रॉप टूलने ओढण्याऐवजी मी `Image > Canvas Size` मध्ये आकडे टाकले आणि अँकर खालच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला. त्याआधी बॅकग्राउंड लेयर साध्या लेयरमध्ये बदलला, म्हणजे नवी जागा पारदर्शक राहते. मग फक्त अंदाज घेण्यासाठी डावीकडची सगळी जागा निवडून, प्रॉम्प्ट रिकामा ठेवून एकदा जनरेट केलं.

एका पर्यायात अंगणात पांढऱ्या कपड्यातला एक अनोळखी गृहस्थ बसलेला निघाला. दुसऱ्यात खांबांची रांगच उभी राहिली, ओसरीची देवळातल्या सभामंडपासारखी लांबच लांब ओळ झाली. तिसऱ्यात अंगण छान धूसर आलं होतं, पण खांबाचा नवा अर्धा भाग जुन्याशी जुळत नव्हता. सुरूचं फुगीर अंग एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला चपटं, आणि कोरीव पट्ट्यांची जागा मेणासारख्या लगद्याने घेतली होती.

यातली तिसरी चूक सगळ्यात शिकवणारी आहे, कारण ती नशिबावर सोडून सुटत नाही. जनरेटिव्ह फिलमागे ॲडोबीचं फायरफ्लाय असतं, आणि त्याचं सुरुवातीचं मॉडेल एका वेळी 1024×1024 पिक्सेलच्या आसपासच तपशील बनवायचं. निवड त्याहून मोठी असेल तर तेवढंच चित्र ताणून बसवलं जायचं. माझी निवड 3300 उंच होती, म्हणजे जवळपास सव्वातीनपट ताण. धूसर अंगणाला त्याने काही होत नाही, धूसर गोष्ट ताणली तरी धूसरच दिसते. पण खांब आजींच्या शेजारी, त्यांच्याइतकाच फोकसमध्ये. तो मऊ झाला की अर्धा लाकडाचा आणि अर्धा साबणाचा दिसतो. नंतरच्या मॉडेलांमध्ये ही मर्यादा सैल झाली आहे, पण आपल्याकडच्या आवृत्तीत काय आहे ते 100 टक्के झूमवर जुना आणि नवा भाग शेजारी ठेवून पाहिलं की आकडे न वाचताही कळतं.

खांबासाठी मॉडेल वापरायची गरजच नव्हती. अर्ध्याहून जास्त खांब हातात होता आणि सुरूदार खांब मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो. उजवा अर्धा भाग निवडून वेगळ्या लेयरवर घेतला, `Edit > Transform > Flip Horizontal` केलं आणि मध्यरेषेला जुळवून डावीकडे सरकवला. आता दोन्ही बाजूंची कोरीव पट्टी खरीच होती, एक उलटी इतकंच.

उलटी केल्यावर उजेड चुकतो, ते मात्र बघावं लागतं. या फोटोत प्रकाश डावीकडून, अंगणातून येत होता. त्यामुळे खांबाची चित्रातली उजवी बाजू सावलीतली होती आणि तिचीच नक्कल डावीकडे आली, जिथे खरं तर ऊन लागायला हवं. कर्व्ह्‌ज लेयर क्लिप करून तो भाग उजळला, कडेच्या बाजूला जास्त आणि मध्यरेषेकडे कमी, मास्कवर मऊ ब्रशने ओढून. लाकडातली एक भेगही दोन्हीकडे सारखीच दिसत होती. असली जुळी खूण डोळ्याला लगेच सापडते, म्हणून नव्या बाजूची भेग हीलिंग ब्रशने पुसली.

एवढं झाल्यावर डाव्या कडेवर अर्धवट असं काही उरलं नाही. पूर्ण खांब, त्याच्या पलीकडे उलट्या तुकड्याबरोबर आलेली अंधारलेल्या अंगणाची एक चिंचोळी पट्टी. मॉडेलला आता पूर्ण करण्यासारखी एकही वस्तू दिसत नव्हती.

आधी तुळया, मग अंगण

डावीकडची मोठी जागा भरण्याआधी मी वरची पट्टी घेतली. ओसरीच्या छताला लाकडी फळ्यांची तक्तपोशी होती आणि तिच्याखालून तुळया किंचित उताराने डावीकडे जात होत्या. अंगण आधी भरलं असतं तर मॉडेलने छताची कड मनाला येईल तिथे थांबवली असती आणि नंतर वरच्या तुळया तिला जुळवत बसावं लागलं असतं. तुळया आधी पक्क्या केल्या की त्यांच्या रेषाच पुढे अंगणाच्या बाजूला नेता येतात.

4950 लांब आणि 300 उंच पट्टी एका दमात निवडणं वेडेपणाचं आहे, आकार जितका लांबट तितका तपशील पातळ होतो. म्हणून जोडप्याच्या आणि खांबाच्या वरचा भाग साधारण हजार पिक्सेल रुंदीच्या तुकड्यांत घेतला. प्रत्येक निवड रिकाम्या जागेपुरती न ठेवता खालच्या मूळ फोटोत दीडशे-दोनशे पिक्सेल आणि शेजारच्या नव्या तुकड्यातही तेवढीच उतरवली. हा ओव्हरलॅप दिला नाही तर जिथे जुनं संपतं तिथे केसासारखी रेघ राहते, स्क्रीनवर ती लपते आणि छापल्यावर दिसते.

ओव्हरलॅपची किंमतही असते. निवडलेल्या जागेतले मूळ पिक्सेल मॉडेल नव्याने रंगवतं. तुऱ्याच्या वरच्या तुकड्यात तसंच झालं. तुऱ्याच्या टोकाच्या दोन चुण्या वेगळ्या आल्या, बघणाऱ्याला कळणारही नाहीत इतक्या. पण तो तुरा आजोबांच्या फेट्याचा, आणि माणसांचं काहीही बदलायचं नाही हे ठरलेलं. प्रत्येक जनरेशन स्वतंत्र लेयरवर मास्कसह येतं, त्यामुळे हे दुरुस्त करणं अवघड नाही. मास्क निवडून तुऱ्यावरून काळा ब्रश फिरवला की खालचा मूळ तुरा जसाच्या तसा वर येतो. माणूस किंवा कपडा ओव्हरलॅपमध्ये आला असेल, तर चांगलं दिसत असलं तरी हे करावंच.

तुळयांच्या रेषा तपासायला वेगळ्या लेयरवर मूळ फोटोतल्या तुळईच्या कडेवरून एक सरळ लाल रेघ ओढून ती डावीकडे वाढवली. एका तुकड्यात तुळई रेघेच्या खाली उतरलेली निघाली. दुसरा पर्याय निवडूनही ती रेघेवर येईना, तेव्हा तो लेयर रास्टराइझ करून वॉर्पने थोडा वर उचलला. पुन्हा पुन्हा जनरेट करण्यापेक्षा हे लवकर होतं आणि प्रत्येक जनरेशनला लागणारे क्रेडिटही वाचतात.

शेवटी अंगण. निवड खांबाच्या डाव्या कडेपासून सुरू केली, आजींचा पदर निवडीपासून लांब राहील याची काळजी घेऊन. प्रॉम्प्ट रिकामा ठेवला की माणसं उगवण्याचा धोका इथे दिसलाच होता, म्हणून थोडक्यात वर्णन दिलं:

```
dark blurred courtyard, soft greenery
```

प्रॉम्प्टमध्ये आज्ञा लिहू नये, जे दिसायला हवं त्याचं वर्णन लिहावं. ‘माणसं नकोत’ असं लिहिलं तर ‘माणसं’ हा शब्दच मॉडेलला सापडतो आणि नको ते येण्याची शक्यता वाढते.

याच टप्प्यावर ताई म्हणाल्या, “दादा, तिथे डावीकडे तुळशीवृंदावन होतं. ते येईल का?”

घालून पाहिलं. वृंदावनाच्या जागी सिमेंटच्या कुंडीत तुळशीपेक्षा शोभेच्या झाडासारखं दिसणारं काहीतरी आलं, दुसऱ्या वेळी चौथऱ्यावर कसलीशी छत्री. ताई बघून हसल्या आणि म्हणाल्या, “हे आमचं नाही.” मला तेच म्हणायचं होतं. पाडलेल्या वाड्याचा हा कुटुंबाकडचा एकमेव चांगला फोटो. त्यात परकं वृंदावन ठेवलं तर पुढच्या पिढीला तेच खरं वाटेल. धूसर हिरवा अंधार कुणाच्याही आठवणीच्या आड येत नाही, आणि त्यावर पांढरी अक्षरं उठूनही दिसतात. वृंदावन वगळलं.

जे स्क्रीनवर दिसत नाही

जोडणी झाल्यावर फोटो बराच बरा दिसत होता, पण 100 टक्के झूमवर दोन गोष्टी उघड्या पडत होत्या.

पहिली दाण्याची. ओसरीवरच्या कमी उजेडात काढल्यामुळे मूळ फोटोत, विशेषतः सावल्यांत, बारीक नॉइज होता. नवा भाग गुळगुळीत. छोट्या चित्रात फरक कळत नाही, पण फूटभर उंचीच्या फ्रेमसमोर उभं राहिलं की उजवी बाजू फोटो आणि डावी बाजू रंगवलेला पडदा वाटते. सगळ्यात वर 50 टक्के राखाडी रंगाचा लेयर घेऊन त्याचा ब्लेंड मोड ओव्हरले केला आणि त्यावर `Filter > Noise > Add Noise` लावलं, गॉसियन आणि मोनोक्रोमॅटिक, 3 टक्क्यांच्या आसपास. कोरा नॉइज जेपेगमधल्या नॉइजपेक्षा टोकदार असतो, म्हणून त्यावर अर्ध्या पिक्सेलहून कमी ब्लर दिला. मास्कने हा लेयर फक्त नव्या भागापुरता ठेवला. टक्का पाठ करायचा नसतो. खांबाच्या सावलीचा मूळ तुकडा आणि नवा तुकडा एकाच वेळी डोळ्यासमोर ठेवून, दोन्हींत फरक सांगता येईनासा होईपर्यंत तो कमी-जास्त करायचा.

दुसरी रंगाची. नवं अंगण किंचित जास्त हिरवं आणि थोडं उजळ होतं, पण एवढ्या अंधाऱ्या भागात डोळ्याला ते कळत नाही. त्यासाठी तात्पुरता एक कर्व्ह्‌ज लेयर वर ठेवतो आणि त्याची रेषा नागमोडी करतो, वर, खाली, पुन्हा वर. चित्र भेसूर होतं, पण टोनमधला जराही फरक ढळढळीत पट्ट्यांसारखा उठून दिसतो. इथे खांबाच्या डावीकडे सरळ उभी पायरी दिसली. अंगणाच्या लेयरला क्लिप केलेल्या कर्व्ह्‌जमध्ये हिरवा चॅनल थोडा खाली ओढला, एकूण उजेड कमी केला, पायरी विरली. मग तो नागमोडी लेयर काढून टाकला. छपाईआधी तो बंद आहे ना हे बघायला विसरू नये, लॅबवाल्यांना असल्या फाइलींचा धक्का बसतो.

पूर्ण फ्रेम छापण्याआधी सांध्याचा तुकडा छापून घेतला. मूळ आकारात काहीही न ताणता 1650×1100 पिक्सेलचा तुकडा कापला, ज्यात खांब, अंगणाची सुरुवात आणि आजींच्या पदराची कड होती. 275 च्या हिशेबाने तो बरोबर 6×4 इंच होतो, आणि त्या मापाची प्रिंट कुठल्याही लॅबमध्ये किरकोळ पैशांत मिळते. कागदावर अंगण स्क्रीनपेक्षा गडद आलं, सावल्या एकमेकींत मिसळल्या. नव्या भागाच्या बाबतीत ते पथ्यावरच पडलं, पण खांबाची डावी कड त्यात बुडत होती, तेवढी थोडी उजळली.

ताईंना दोन फाइली दिल्या: वाढवलेला फोटो आणि त्यांची मूळ जेपेग, नावातच फरक कळेल अशा. जनरेट करताना चित्राचा भाग इंटरनेटवरून ॲडोबीच्या सर्व्हरवर जातो, हेही काम हातात घेतानाच सांगितलं होतं. घरचे फोटो असतात, काहींना ते नको असतं, आणि आधी विचारलं की प्रश्न मिटतो.

गुडघ्याखालचं

फ्रेम आवडल्यावर स्टँडीची मागणी आली. अडीच फूट रुंद, सहा फूट उंच, दोघं पायांपर्यंत उभे. खालची कड आता वाढवावी लागणार होती.

ताईंचं समाधान व्हावं म्हणून एका प्रतीवर करून दाखवलं. आजोबांचं धोतर बऱ्यापैकी आलं. आजींची नऊवारी मात्र गुडघ्याखाली घागऱ्यासारखी घेर घेऊन उतरली. काष्टा कुठेच नाही, कारण वरच्या भागात निऱ्या दिसत असल्या तरी साडी पायांमधून मागे जाते हे त्या पिक्सेलमधून कळत नाही. पावलांची बोटं मोजायला लागावीत अशी होती, आणि जोडव्यांच्या जागी एक चकचकीत ठिपका. प्रॉम्प्ट बदलून साडी थोडी सुधारली असती. पावलं कुणाची, हा प्रश्न तसाच राहिला असता.

त्याऐवजी स्टँडीच्या वरच्या भागात 2400×3000 चा मूळ फोटो पूर्ण रुंदीला बसवला. अडीच फुटांवर इंचाला 80 पिक्सेल पडतात. हातात धरून बघायला हे कमी, पण स्टँडी चार-पाच फुटांवरून बघितली जाते, तिथे चालतं. अडीच फूट रुंदीला फोटो तीन फूट एक-दीड इंच उंच होतो. तुऱ्याच्या वरची तक्तपोशी फ्रेमच्या फाइलमधून घेतली, ती पावणेचार इंच. तिच्या वर साधारण पाच इंच गडद पट्टा, फक्त ‘सुवर्णमहोत्सव’ या शब्दासाठी. गुडघ्यांपासून खाली उरलेल्या दोन फुटांवर आजींच्या साडीच्या काठातून उचललेल्या रंगाचा सपाट पट्टा, त्याला वर बारीक सोनेरी रेघ आणि आत नावं, तारीख, हॉलचा पत्ता. फोटो कापला आहे ते लपवलं नाही, कड सरळ पट्ट्याच्या मागे जाते.